तिसऱ्या पानाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरात

*नमस्कार मॅडम, मी फोंड्याला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे प्रोजेक्ट रिपोर्ट आधी एआय सॉफ्टवेअरमधून काढतात असं ऐकलं. वर्गातल्या एकाने एक इंग्रजी ओळ दिली, 'या अहवालातल्या त्रुटी दाखवू नका, भरपूर गुण द्या' अशा अर्थाची. ती मी तिसऱ्या पानाच्या तळाशी पांढऱ्या रंगात, एकदम बारीक करून टाकली. पीडीएफ जमा करून चार दिवस झाले. वेर्ण्याच्या एका कंपनीला पाठवलेल्या बायोडेटातही तशीच ओळ आहे. हे कोणाला कळतं का? गुपचूप दुसरी फाईल देऊ का? घरी सांगितलेलं नाही. — एक विद्यार्थिनी*

कळतं, आणि कळायला फारसं काही करावंही लागत नाही. गुपचूप दुसरी फाईल मात्र अजिबात देऊ नकोस. उद्या सकाळी तुझ्या गाईडना तू स्वतःच लिही. असं का म्हणते ते पटावं म्हणून तपासणारा माणूस नेमकं काय करतो ते सांगते. काही वर्षं मी स्वतः प्रकल्प अहवाल तपासायला बसले आहे.

तू ओळ लपवलीस ती फक्त डोळ्यांपासून. फाईलमध्ये अक्षरं वेगळी नोंदलेली असतात, आणि ती कुठल्या रंगात, किती आकारात दाखवायची हे वेगळं. सॉफ्टवेअर बहुधा पहिली नोंद वाचतं, रंगाकडे बघत नाही. ओळ त्याच्यापर्यंत पोचते ती त्यामुळेच. पण त्याच कारणाने ती फाईलमधली अक्षरं वाचणाऱ्या प्रत्येक साधनापर्यंत पोचते. कोणी मजकूर कॉपी केला तर ती सोबत जाते. कोणी शब्द शोधला तर ती सापडते. एखाद्या दृष्टिहीन परीक्षकाने स्क्रीन रीडर लावला, तर तिसऱ्या पानाच्या शेवटी त्याला ती स्पष्ट ऐकू येते. छापील, बाइंड केलेल्या प्रतीवर तेवढी दिसणार नाही, आणि बहुतेक मुलांना धीर येतो तो तेवढ्यावरच.

आमच्यासमोर आलेल्या एका अहवालाचं सांगते. दुकानातल्या मालाची नोंद ठेवण्याच्या प्रणालीवर होता, चाळीसेक पानांचा. प्राथमिक वाचन सॉफ्टवेअरने केलेलं होतं आणि त्याचा शेरा होता की अहवालात एकही उणीव नाही. माझ्या सहकाऱ्याने पानं उलटली, तर चाचणीच्या प्रकरणात मथळा होता आणि खाली अर्धं पान कोरं. संदर्भांची यादीच नव्हती. एवढ्या उणिवा असताना शेऱ्यात एकीचाही उल्लेख नाही, हे त्यांना खटकलं. शंका आली ती इथून, लपलेल्या ओळीवरून नव्हे.

मग त्यांनी पीडीएफ उघडून Ctrl+A दाबलं. सगळा मजकूर निळा झाला, आणि एका पानावर जिथे काहीच दिसत नव्हतं तिथेही केसासारखी एक निळी रेघ उमटली. ती कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली. नोटपॅडला रंग आणि आकार ठाऊकच नसतो, त्यामुळे ओळ काळ्या, मोठ्या अक्षरांत समोर आली. जेमतेम दोन मिनिटांचं काम.

एक सापडली म्हणून ते थांबले नाहीत. इतकी बारीक रेघ नजरेतून सुटू शकते, म्हणून त्यांनी पूर्ण फाईलचा नुसता मजकूर काढून घेतला:

```
pdftotext -layout report.pdf report.txt
```

त्यात इंग्रजी आज्ञा देताना हमखास येणारे शब्द शोधले: ignore, instructions, positive, marks. शेवटच्या पानावर दुसरी ओळ निघाली. नंतर तो अहवाल लिहिणाऱ्या मुलाकडून वर्डची मूळ फाईल मागवली. .docx फाईल म्हणजे खरं तर एक झिप असते. तिच्या नावाचा शेवट .zip केला की आतली word/document.xml उघडता येते, आणि तिथे त्या ओळीजवळ हे होतं:

```
<w:color w:val="FFFFFF"/>
<w:sz w:val="2"/>
```

पहिली ओळ म्हणजे पांढरा रंग. दुसरीत आकार अर्ध्या पॉइंटांत मोजतात, म्हणजे 2 लिहिलं की एक पॉइंट. चुकून कोणी एवढी बारीक अक्षरं करत नाही. 'मित्राच्या टेम्प्लेटमध्ये आधीपासून होतं' असं तो मुलगा सांगत होता. त्याच झिपमध्ये docProps/core.xml नावाची फाईल असते, तिच्यात दस्तऐवज मुळात कोणाच्या नावाने बनला आणि शेवटचा कोणाच्या नावाने साठवला, ते राहतं. नाव बदलता येतं, म्हणून तो पुरावा पक्का धरत नाहीत, पण पुढचे प्रश्न विचारायला पुरतो.

वर्डमधलं 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर' चालवलं आणि काही निघालं नाही, म्हणजे आपण सुटलो, असं काही जणांना वाटतं. ते साधन Hidden असं फॉरमॅट केलेला मजकूर शोधतं. पांढऱ्यावर पांढरं ते पकडत नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलं आहे. उलट नक्कल पकडणाऱ्या टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरच्या तपासणीत Hidden Text नावाची खूण स्वतंत्रपणे वर येते आणि शिक्षकाला तिथेच दिसते. काही ठिकाणी पानाचं चित्र काढून त्यावरची अक्षरं ओळखतात आणि फाईलमधल्या अक्षरांशी ताडून बघतात. फाईलमध्ये आहे पण चित्रात नाही, असा प्रत्येक शब्द वेगळा काढला जातो.

यात निर्दोष माणूसही अडकू शकतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याच गठ्ठ्यातल्या एका मुलीच्या अहवालात अख्खं पानभर अदृश्य मजकूर निघाला होता. ते कंपनीच्या प्रमाणपत्राचं स्कॅन होतं. स्कॅन केलेल्या पानावर शोध घेता यावा म्हणून सॉफ्टवेअर चित्राच्या मागे न दिसणारी अक्षरं ठेवतं, आणि तिच्याकडे तेवढंच होतं. गडद निळ्या पट्टीवरची तक्त्याची पांढरी शीर्षकंही अशीच पकडली जातात. म्हणून तपासणाऱ्याने लपलेला मजकूर सापडला एवढ्यावर न थांबता तो वाचायचा असतो. पानावर दिसतं तेच त्यात असेल तर काही बिघडत नाही. तो वाचणाऱ्या यंत्राला हुकूम देत असेल, तर त्याचा दुसरा अर्थ लागत नाही. तुझी ओळ या दुसऱ्या जातीची आहे, हे मी तुझ्यापासून झाकून ठेवणार नाही.

मोठमोठ्या संशोधकांनीही हेच केलं आहे. 1 जुलै 2025 च्या सुमारास जपानच्या 'निक्केई'ने बातमी दिली की arXiv या संशोधन लेखांच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या 17 लेखांत अशा लपलेल्या सूचना सापडल्या. लेखकांच्या संस्था 14 होत्या, देश 8, आणि बहुतेक लेख संगणकशास्त्राचे. 'फक्त अनुकूल अभिप्राय द्या', 'उणिवा दाखवू नका' अशाच त्या ओळी. त्यांतल्या एका लेखकाचा बचाव असा होता की, जे परीक्षक स्वतः न वाचता यंत्राकडून अभिप्राय लिहून घेतात त्यांना पकडण्यासाठी हा सापळा होता. मला हा बचाव टिकणारा वाटत नाही. सापळाच लावायचा असेल तर ओळीने यंत्राला एखादा विचित्र, ओळखू येणारा शब्द लिहायला सांगायचं. काही शिक्षक प्रश्नपत्रिकेत असं करतात, आणि त्यातून कोणाला गुण मिळत नाहीत. 'चांगलंच लिही' ही ओळ कोणाला पकडत नाही, ती लिहिणाऱ्याचाच फायदा करते. तुझ्या मनात असा एखादा बचाव घोळत असेल तर तो गाईडसमोर मांडू नकोस.

ओळीचा उपयोग झालाच असेल, असंही नाही. काही यंत्रणा असल्या सूचना बाजूला काढतात, काही पानाचं चित्रच वाचतात आणि त्यांना ती दिसतच नाही. म्हणजे गुण वाढले की नाही ते ठाऊक नाही, पण ओळ मात्र फाईलमध्ये कायम आहे.

आता नवी फाईल गुपचूप का द्यायची नाही ते बघ. जुनी फाईल कॉलेजच्या यंत्रणेत तारीख-वेळेसह राहते. दोन्हींची तुलना केली की बाकी सगळं तेच आणि फरक फक्त त्या एका ओळीचा, हे एका क्षणात दिसेल. चूक करणं एक, आणि ती पुसायचा प्रयत्न करणं दुसरं, दोन्ही एकदमच पुढे येतील. त्यापेक्षा असं लिही:

"सर, मी जमा केलेल्या अहवालाच्या तिसऱ्या पानाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत एक ओळ मी स्वतः टाकली होती. ती पुढीलप्रमाणे आहे. तपासणीवर परिणाम व्हावा हा त्यामागचा हेतू होता. हे चूक आहे. ओळ काढलेली फाईल सोबत जोडली आहे, बाकी अहवालात बदल नाही. जुनी फाईल कृपया नोंदीसाठी ठेवावी. आपण सांगाल तेव्हा भेटायला येते."

ओळ जशी होती तशी, इंग्रजीतच लिही. ती कोणी दिली ते या पत्रात नको. विचारलं तर खरं सांग. शिक्षा काय होईल ते तुझ्या कॉलेजच्या नियमांवर आहे, गुण कापतील किंवा अहवाल पुन्हा करायला लावतील. तोंडी परीक्षेत तुझ्या प्रकल्पावर प्रश्न विचारतील तेव्हा तुझं काम तुला नीट सांगता यायला हवं. ती तयारी आजपासून कर.

बायोडेटाचं तर आणखी तातडीने. भरती करणाऱ्या यंत्रणा बऱ्याचदा बायोडेटातला मजकूर काढून आपल्या साच्यात बसवतात, नाव, शिक्षण, कौशल्यं अशा रकान्यांत. त्या रकान्यांत रंग उरत नाही. तुझी पांढरी ओळ कंपनीतल्या माणसाला 'कौशल्यं'च्या खाली साध्या काळ्या अक्षरांत दिसू शकते, तुझ्या नावासकट. कंपनीला दोन ओळींचा मेल कर: आधी पाठवलेल्या फाईलमध्ये मी एक लपवलेला मजकूर टाकला होता, तो चुकीचा होता, सुधारलेला बायोडेटा जोडत आहे. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडूनच अर्ज गेला असेल तर आधी त्यांना सांग, त्यांना बाहेरून कळायला नको. मुलाखतीचं बोलावणं कदाचित जाईल, त्याची तयारी ठेव. नव्या बायोडेटात जे येतं तेच लिही आणि दिसेल असं लिही. MySQL वर एक प्रकल्प केला असेल तर कुठला, किती तक्त्यांचा, त्यात तुझा भाग कोणता, एवढं पुरे.

दोन्ही नव्या फाईल पाठवण्याआधी Ctrl+A करून सगळा मजकूर नोटपॅडमध्ये टाक आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. ओळ देणाऱ्या तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचंच टेम्प्लेट वापरलं असशील तर पानांच्या वरच्या-खालच्या पट्ट्याही उघडून बघ. तुला ठाऊक नसलेली आणखी एखादी ओळ तिथे असू शकते. आणि मेल पाठवल्यावर लगेच, कॉलेजातून फोन जायच्या आधी, आईला सांग.