नियमाला आव्हान देण्याआधी

तुझा कच्चा मसुदा वाचला. नियम रद्द करायचा म्हणून तू थेट ‘अतिरेकी प्रत्यायोजन’ लिहिलंस. थांब जरा. तो आरोप नियमावर नसतो, मूळ कायद्याच्या कलमावर असतो. विधिमंडळाने धोरण न ठरवताच कोरा चेक दिला, असं तिथे दाखवावं लागतं. १९६० च्या हमदर्द दवाखाना खटल्यात तेच झालं. कोणत्या रोगांच्या औषधांची जाहिरात बंद करायची, ते औषधे व जादुई उपाय कायद्याच्या कलम ३(ड) ने नियमांवर सोडलं, पण निवडीचा निकष दिलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. असं क्वचितच घडतं. प्रस्तावनेत किंवा इतर कलमांत धोरण सापडलं की कलम टिकतं.

आपल्याकडची लढाई बहुतेक वेळा दुसरी असते: कायदा ठीक, नियम त्याबाहेर. समज, दारव्ह्याच्या यार्डात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यावर नियमाने बाजार फी लावली. बाजार समिती कायदा, १९६३ चं कलम ३१ उघड. फी खरेदीदाराकडून घ्यायची, असं तिथे आहे. म्हणजे नियमाने नवाच देणेकरी उभा केला. सरकार म्हणेल, ‘कायद्याच्या उद्देशांसाठी’ नियम करायचा अधिकार आहे. पण त्या मोघम शब्दांतून कायद्यात नसलेला बोजा लादता येत नाही. नियम विधिमंडळापुढे ठेवला होता, एवढ्यानेही तो वाचत नाही.

म्हणून नागपूर खंडपीठाच्या याचिकेत कलम आणि नियम शेजारी-शेजारी उतरव. मुख्य मुद्दा तोच. प्रत्यायोजन पर्यायी ठेव, तेही कलमाला स्वतंत्र आव्हान देऊनच.