छोट्या बेकरीचा व्हॅल्यू स्ट्रीम मॅप कसा काढायचा?

प्रश्न: आमची छोटी बेकरी आहे. रोज दीड हजारांच्या आसपास लादी पाव, शिवाय खारी, नानकटाई आणि टोस्ट. तीन कारागीर आणि एक मदतनीस पहाटेपासून पळत असतात, तरी माल उशिरा निघतो आणि शेवटचा पाव बसका येतो. कुणीतरी व्हॅल्यू स्ट्रीम मॅप, म्हणजे कच्च्या मालापासून गिऱ्हाईकापर्यंतच्या सगळ्या टप्प्यांचा आणि त्यांना लागणाऱ्या वेळेचा नकाशा, काढायला सांगितलं. वाट पाहण्यात, दुरुस्तीत आणि फुकटच्या चालण्यात जाणारा वेळ त्यातून खरंच दिसतो का?

उत्तर:

दिसतो, पण कारखान्यातला नमुना जसाच्या तसा बेकरीत उचललात तर चुकीचं काहीतरी दिसेल. मी पिंपरी-चिंचवडला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत हेच काम करतो. तीच वही घेऊन एकदा मामाच्या बेकरीत गेलो आणि पहिला नकाशा साफ फसला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फसला तो असा. ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यांतून आली. तिथे कागदाच्या तळाशी पायऱ्यांसारखी रेघ काढतात. एका पातळीवर प्रत्यक्ष काम चालू असलेला वेळ, दुसऱ्या पातळीवर माल नुसता पडून असलेला वेळ. पडून असलेला वेळ वाया गेला असं धरायचं. मी पावाची रेघ काढली, तर हाताचं काम जेमतेम तासाभराचं आणि ‘वाया’ चार तास! मामांनी कागद बघितला आणि म्हणाले, “मग यीस्ट काय झोपा काढतं का?”

बरोबर होतं त्यांचं. मळलेलं पीठ मुरतं, गोळे ट्रेमध्ये फुगतात, भाजलेला पाव गार होतो. माणूस हात लावत नाही, पण पाव तेव्हाच तयार होत असतो. हा वेळ कापलात तर पाव दगडासारखा होईल. म्हणून बेकरीसाठी मी दोनऐवजी तीन ओळी काढतो. पहिली हाताच्या कामाची, दुसरी पिठाच्या कामाची, तिसरी नुसत्या थांबण्याची. दुसरीतलं तिसरीत जाऊ द्यायचं नाही आणि तिसरीतलं दुसरीत लपू द्यायचं नाही. सगळी मेख इथे आहे, कारण फुगून झाल्यावरही ट्रे भट्टीची वाट बघत उभा असतो, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की तो अजून फुगतोच आहे.

नकाशा एकाच मालाचा काढा. तुमच्याकडे तो पावाचाच असणार. खारी-नानकटाई त्याच भट्टीत जाते एवढी नोंद भट्टीच्या चौकोनावर करा, बस. सुरुवात गिऱ्हाईकाच्या बाजूने करा: वडापाववाल्याला पाव किती वाजता हवा, तो आकडा कधी सांगतो, आणि सांगितलेला आकडा पीठ मळणाऱ्यापर्यंत पोचतो का. तिथून उलटे मागे या. पॅकिंग, गार करणं, भट्टी, फुगवणं, गोळे, मळणं, मैद्याची पोती. प्रत्येक कामाला एक चौकोन, आणि दोन कामांमध्ये जिथे माल साठतो तिथे एक त्रिकोण. त्रिकोणाखाली मोजून लिहा, किती ट्रे आणि किती मिनिटं.

वेळ मोजताना माणसाच्या मागे घड्याळ घेऊन फिरू नका. कारागीर बिथरतात आणि त्या दिवशी सगळेच जरा जास्त झपाझप हात चालवतात. ट्रेच्या मागे फिरा. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ट्रेला खडूने खूण करायची आणि तो जागेवरून हलला की मोबाईलवर फोटो काढायचा. फोटोवर वेळ आपोआप पडते, पिठाच्या हातांनी वही भरावी लागत नाही. असं एक साधा दिवस आणि एक रविवार करा.

आता मामांकडचे आकडे सांगतो. रोज ५० किलो मैदा, २५ किलोचे दोन घाणे. एका घाण्यात पाणी, यीस्ट, साखर, मीठ, तूप धरून साधारण साडेएक्केचाळीस किलो पीठ होतं, म्हणजे ४६ ग्रॅमचे ९०० गोळे. एका ट्रेत ३०, म्हणून ३० ट्रे. भट्टीत एका वेळी सहा ट्रे बसतात. भाजायला १४ मिनिटं आणि काढ-घाल करायला सहा, म्हणजे एक खेप २० मिनिटांची. एका घाण्याच्या पाच खेपा.

गोळे करणारे दोघं सहा ट्रे आठ मिनिटांत भरतात. ट्रे भरल्यावर फुगायला ६० मिनिटं लागतात. पहिली खेप ६८व्या मिनिटाला तयार होते आणि लगेच भट्टीत जाते. दुसरी ७६व्या मिनिटाला तयार, पण भट्टी मोकळी होते ८८व्याला. १२ मिनिटं थांबली. तिसरी २४ मिनिटं, चौथी ३६, पाचवी ४८. म्हणजे शेवटचे सहा ट्रे ६० ऐवजी १०८ मिनिटं फुगत राहिले. त्यात भर म्हणजे, गोळे होण्याआधी त्यांचं पीठ टेबलावर ३२ मिनिटं जास्तीचं पडून होतं. पहिल्या खेपेच्या मानाने ८० मिनिटं जुनं पीठ, आणि मे महिन्यातली ती गरम खोली.

तुमचा शेवटचा पाव बसका येतो याचं कारणही बहुधा हेच असेल. पण खात्री करून घ्या, कारण कमी फुगलेला पावही बसकाच दिसतो. भट्टीत जायच्या आधी मैद्याचं बोट गोळ्यावर हलकं दाबा. खळगा पटकन भरून आला तर अजून वेळ हवा. हळूहळू आणि अर्धवट भरला तर तयार आहे. भरलाच नाही तर वेळ निघून गेली. भाजल्यावरही फरक कळतो. जास्त फुगलेल्या पावाला रंग फिका येतो, कारण साखर यीस्टने आधीच खाल्लेली असते. वरचा भाग सुरकुततो, आत मोठी भोकं असतात आणि वास आंबूस येतो. कमी फुगलेला पाव आतून घट्ट असतो, बऱ्याचदा बाजूने फाटतो.

आता दुरुस्तीचं. मामांना विचारलं, खराब माल किती निघतो? म्हणाले, “नाहीच.” खोटं बोलत नव्हते ते. बसका पाव वेगळ्या टोपलीत जायचा आणि दुपारी त्याचे तुकडे करून मंद भट्टीत वाळवून विकायचे. टाकून काहीच दिलं जात नव्हतं, त्यामुळे नुकसान कुणाच्या हिशेबातच नव्हतं. नकाशावर प्रत्येक चौकोनाखाली ‘पहिल्या फटक्यात बरोबर किती’ हा आकडा लिहायचा असतो, तो यासाठीच. आठवडाभर ती टोपली मोजली. रोज साठ-सत्तर पाव, आणि जवळपास सगळे चौथ्या-पाचव्या खेपेतले. त्या पावांना पुन्हा कापणं, पुन्हा ट्रेत लावणं, पुन्हा भट्टी, पुन्हा पॅकिंग, आणि दर पावापेक्षा कमी. नकाशावर हा बाण भट्टीकडे उलटा वळवून काढला तेव्हा मामा पहिल्यांदा कागदाजवळ खुर्ची ओढून बसले.

यावरचा इलाज उघड वाटतो: लहान घाणे. सहा ट्रेच्या दोन खेपा म्हणजे १२ ट्रे, ३६० पाव, १० किलो मैदा. दर ४० मिनिटांनी एक घाणा घातला तर कुठलीच खेप १२ मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. दिवसाचे पाच घाणे. मळणीचं यंत्र २५ किलोचं असेल तर १० किलो त्यात ठीक मळलं जातं. त्याहून फार कमी टाकलं तर पीठ हुकला नीट लागत नाही, नुसतं गोल फिरतं. तेव्हा अजून लहान घाणे करायच्या मोहात पडू नका.

पण हे लगेच करू नका. इथे चालण्याचा प्रश्न मध्ये येतो. चालणं या नकाशावर दिसत नाही, त्याला जागेचा वेगळा आराखडा लागतो. जमिनीचं साधं चित्र काढायचं आणि एका घाण्यात मदतनीस जिथे जिथे जातो तिथे पेन्सिल न उचलता रेघ मारायची. मामांकडे वजनकाटा पुढे गल्ल्याजवळ होता, मळणी मागे. जायला १८ पावलं, परत यायला १८. यीस्ट, मीठ, साखर, तूप आणि ब्रेड इम्प्रूव्हर अशा पाच फेऱ्या, म्हणजे घाण्याला १८० पावलं. दोन घाण्यांना ३६०. पाच घाणे केले असते तर ९००! मदतनिसाने दुसऱ्याच दिवशी गुपचूप जुनी पद्धत सुरू केली असती, आणि त्याचं काही चुकलं नसतं.

म्हणून आधी एक छोटा काटा मळणीशेजारी आणला. मीठ, साखर आणि इम्प्रूव्हरची पाच घाण्यांची पुडकी आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायला लागलो. यीस्ट त्यात घालायचं नाही, ते मिठाला चिकटून रात्रभर राहिलं तर मरतं. ते फ्रीजमधून ऐनवेळी काढायचं. हे आठवडाभर अंगवळणी पडल्यावर मग घाणे लहान केले. टोपलीत आता दहा-बारा पाव पडतात, तेही बहुतेक कडेचे करपलेले.

‘माल उशिरा निघतो’ या तुमच्या तक्रारीवर मात्र लहान घाण्यांनी फारसा फरक पडणार नाही. गणित करा: दहा खेपा गुणिले २० मिनिटं म्हणजे २०० मिनिटं, घाणे दोन असोत की पाच. बेकरीचा वेग भट्टी ठरवते. त्यामुळे गोळ्याच्या टेबलापाशी दहा पावलं वाचली तर माणूस कमी दमतो इतकंच, पण भट्टीच्या दारापाशी वाचली तर सगळी बेकरी लवकर सुटते. मामांची ती सहा मिनिटांची काढ-घाल मी उभा राहून बघितली. फुगलेल्या ट्रेंचा रॅक नऊ पावलं लांब, ट्रे एकेक करून आणायचे, आणि भाजलेले ठेवायला जागा नसल्याने मध्येच कुणीतरी टेबल रिकामं करायचं. चाकांचे दोन रॅक घेतले, एक भरलेला आणि एक रिकामा, दोन्ही भट्टीच्या दोन बाजूंना, खेप निघायच्या आधीच उभे. सहाची चार मिनिटं झाली. दहा खेपांना २० मिनिटं वाचली आणि घाणा ४० ऐवजी ३६ मिनिटांनी घालावा लागला. त्याआधी मामा नव्या भट्टीचं कोटेशन मागवून बसले होते.

तुमच्या भट्टीचा क्रमही एकदा तपासा. पावाला २२० अंशांच्या आसपास लागतं, नानकटाईला १६०-१७०. मध्येच नानकटाई घातली तर भट्टी उतरवायला आणि परत चढवायला जो वेळ जातो तो कुठल्याच चौकोनात लिहिलेला नसतो, दोन चौकोनांच्या मध्ये पडलेला असतो. पाव, मग खारी, मग नानकटाई आणि उतरत्या आचेवर टोस्ट, असा क्रम लावून बघा. दुपारच्या वडापाववाल्यांसाठी पुन्हा पाव काढत असाल तर हे इतकं सरळ बसणार नाही, तिथे नानकटाई दिवसाआड करावी लागेल.