मृत्युपत्रातला ‘व’, ‘किंवा’ आणि ‘समान’

प्रश्न : “करारात किंवा मृत्युपत्रात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी हक्क बदलतात म्हणे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतंच ना? रोजच्या उदाहरणांनी सांगाल का?”

भाड्याच्या करारातलं हे वाक्य घ्या : ‘भाडेकरूने आवारात फक्त दुचाकी लावावी.’ म्हणजे चारचाकी आणली तर हरकत घेता येते. आता ‘फक्त’ एक घर मागे सरकवा : ‘भाडेकरूने फक्त आवारात दुचाकी लावावी.’ इथे चारचाकीबद्दल अवाक्षर नाही, दुचाकी रस्त्यावर लावायला मात्र मनाई झाली. मराठीत ‘फक्त’ सहसा लगेच पुढच्या शब्दाला धरतो. बोलताना आपण आवाजाच्या जोराने अर्थ सावरून घेतो, कागदाला ती सोय नसते.

तरी करारातली गफलत निस्तरता येते, कारण सही करणारे दोघेही सांगायला हजर असतात. मृत्युपत्र वाचलं जातं तेव्हा लिहिणारी व्यक्तीच नसते. त्यामुळे काही शब्दरचनांचा अर्थ कसा लावायचा, हे भारतीय वारसा कायद्याने (१९२५) आधीच ठरवून ठेवलं आहे. यातले पुढे दिलेले नियम हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही लागू होतात, मुस्लिमांच्या मृत्युपत्रांना मात्र नाही.

एक काल्पनिक उदाहरण सविस्तर पाहू. मूलबाळ नसलेल्या एका बाईंनी लिहिलं : ‘माझे राहते घर पुतण्या सुहास व भाची नीता यांना द्यावे.’ बाईंच्या पश्चात दोघेही हयात असतील, तर घर दोघांचं. पण सुहास बाईंच्या आधीच वारला तर? कलम १०६ नुसार, दोघांना मिळून दिलेली मिळकत मागे राहिलेल्याला पूर्ण मिळते. अख्खं घर नीताचं.

आता त्याच वाक्यात एक शब्द घाला : ‘सुहास व नीता यांना समान द्यावे.’ भांडण नको म्हणून हा शब्द आपण सहज घालतो. पण ‘समान’ म्हटलं की प्रत्येकाचा हिस्सा वेगळा झाला आणि कलम १०७ लागू झालं. सुहास आधी वारला, तर नीताला निम्मंच घर मिळतं. सुहासचं निम्मं बाईंच्या ‘उरलेल्या मिळकतीत’ जातं. ती त्यांनी एखाद्या संस्थेला दिली असेल, तर नीता आणि ती संस्था एकाच घराचे भागीदार! उरलेल्या मिळकतीबद्दल काहीच लिहिलं नसेल, तर ते निम्मं बाईंच्या कायदेशीर वारसांकडे जातं. सुहासच्या बायकोमुलांना मृत्युपत्राने दोन्ही वेळी काहीच मिळत नाही. (सुहास बाईंचा स्वतःचा मुलगा असता आणि त्याची मुलं मागे असती, तर त्याला दिलेलं फुकट गेलं नसतं, कलम १०९ मध्ये तशी तरतूद आहे. पुतण्या-भाच्यांना ती नाही.)

‘व’च्या जागी ‘किंवा’ आला, तर फरक याहून मोठा. ‘दोघांपैकी ज्याला गरज असेल त्याने घ्यावे’ असं मनात धरून लोक ‘सुहास किंवा नीता यांना’ लिहितात. कलम ९६ त्याचा अर्थ वेगळा लावतं : सुहास हयात असेल तर सगळं त्याचं, नीताला शून्य. तो आधीच गेला असेल तरच नीताचा नंबर. नावांचा नुसता क्रम बदलला तरी घराचा मालक बदलतो, हे मला यातलं सर्वांत धोक्याचं वाटतं. नावं आपण तोंडाला येतील तशी लिहितो.

विशेषणांचंही असंच. ‘अविवाहित भाची व पुतणी यांना दागिने द्यावेत’ यात पुतणीचं लग्न झालं असेल तर तिला मिळणार का? वाद घालायला जागा आहे. ‘पुतणी व अविवाहित भाची’ असं लिहिलं की अट भाचीपुरतीच उरते. दोघींनाही अट हवी असेल, तर ‘अविवाहित’ दोनदा लिहावं. कायदेशीर मसुद्यात पुनरुक्ती हा दोष नव्हे.

कोर्ट एका शब्दावरच अडून बसत नाही, हेही खरं. कलम ८२ प्रमाणे मृत्युपत्र सगळं मिळून वाचायचं असतं, आणि वरचे नियम कागदात वेगळा हेतू दिसत नसेल तेव्हाच चालतात. म्हणून हेतूच लिहावा : ‘दोघांपैकी एकजण माझ्याआधी वारल्यास त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना द्यावा.’

सही झाल्यावर चूक लक्षात आली, तर पेनाने ‘किंवा’ खोडून वर ‘व’ लिहू नका. कलम ७१ प्रमाणे अशा दुरुस्तीपाशी स्वतःची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. ती नसेल तर खोडलेला शब्द वाचता येतो तोवर तोच धरला जातो.