स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांवर बंदी असावी का? दोन्ही बाजूंचे सगळ्यात भक्कम मुद्दे कोणते?

बंदी नको म्हणणाऱ्यांची बाजू मला सगळ्यात जास्त पटते ती ३ जुलै १९८८ च्या घटनेवरून. इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं प्रवासी विमान बंदर अब्बासहून दुबईला निघालं होतं. खाली होर्मुझच्या सामुद्रधुनीत 'व्हिन्सेन्स' ही अमेरिकी युद्धनौका इराणी बोटींशी झुंजत होती. विमान वर चढतंय, ही नोंद नौकेवरच्या एजिस या रडार आणि शस्त्रं हाताळणाऱ्या संगणकी यंत्रणेत बरोबर झाली होती. पण चकमकीच्या ताणात नौसैनिकांनी ते हल्ल्यासाठी खाली येतंय असं सांगितलं आणि कप्तानाने क्षेपणास्त्रं सोडायला लावली. २९० माणसं गेली. यंत्र घाबरत नाही, त्याला स्वतःचा जीव वाचवायचा नसतो, हे म्हणणं इथे खरंच झटकून टाकता येत नाही. शिवाय नौकेवर क्षेपणास्त्र येत असेल तर हातात काही सेकंदच असतात, म्हणून फॅलँक्ससारख्या तोफा स्वतःच मारा करतात. सरसकट बंदी घातली तर आधी हे संरक्षण जाईल.

आता दुसरी बाजू. २३ मार्च २००३ ला इराकवरून कुवेतला परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान पॅट्रियट ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं चालवणाऱ्या अमेरिकी तुकडीने पाडलं, विमानातले दोघेही ठार झाले. यंत्रणेने त्या विमानाला रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं होतं, कारण तिच्यात भरलेले निकष फार ढोबळ होते. विमानाची 'मी आपलाच आहे' ही खूणही मिळाली नाही. पडद्यासमोर माणसं बसलेली होती. पण त्यांच्याकडे जेमतेम मिनिटभर होतं, इतर तुकड्यांशी पुरेसा संपर्क नव्हता आणि खोटा इशारा कसा ओळखायचा यावर प्रशिक्षणात भर नव्हता. त्यांनी यंत्राचं म्हणणं मान्य केलं. माणसाची देखरेख आहे असं सांगितलं जातं तेव्हा प्रत्यक्षात ती अशी असू शकते.

आणि ही तर आकाशातली गोष्ट, जिथे वेग आणि दिशा निदान मोजता येतात. जमिनीवर शरण येणारा, जखमी होऊन पडलेला किंवा खांद्यावर फावडं टाकून शेताकडे निघालेला माणूस सेन्सरने कसा ओळखायचा? चुकून मारलाच, तर खटला कोणावर भरायचा? अधिकाऱ्याला ते आधी कळलेलं नसतं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कोणाला मारायचं ठरवलेलं नसतं. माझ्या मते बंदीच्या बाजूचा याहून मोठा मुद्दा नाही.

म्हणून मला रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ मध्ये मांडलेली भूमिका योग्य वाटते. माणसांना लक्ष्य करणारी स्वायत्त शस्त्रं आणि ज्यांचा परिणाम आधी सांगता येत नाही अशीही स्वायत्त शस्त्रं पूर्ण बंद करावीत. बाकीच्यांना लक्ष्य, परिसर आणि वेळ यांची मर्यादा घालावी.

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरच्या ठरावाला १५२ देशांनी पाठिंबा दिला. विरोधात चारच मतं पडली आणि त्यात रशियाबरोबर भारताचं मत होतं. काही पारंपरिक शस्त्रांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या जिनिव्हातल्या बैठकांतच ही चर्चा व्हावी, असं आपलं म्हणणं होतं. पण तिथे सर्वसंमतीशिवाय निर्णय होत नाही, एकही देश अडून बसला तर सगळं थांबतं. ते मत मला आजही खटकतं.