पट्टी कुणाची धरायची? नव्या भजनी मंडळासाठी एक तबला आणि तीन चाली

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या परदेशातल्या वसाहतीत चार मराठी घरं आहेत. सगळे मिळून आठ जण: चार बायका, दोन पुरुष, दहा वर्षांची एक मुलगी आणि तेरा वर्षांचा एक मुलगा. दोनदा जमले, दोन्ही वेळा हौसेनं सुरुवात झाली आणि अर्ध्या तासात निम्मे लोक नुसते टाळ्या वाजवत बसले. "आमच्यातल्या एक वहिनी शिकलेल्या आहेत, त्या छान म्हणतात, पण बाकीच्यांना जमतच नाही. सोपी गाणी सुचवा," असं त्या लिहितात.

ताई, गाणी अवघड नाहीत, पट्टी, म्हणजे षड्ज ज्या सुरावर धरता तो सूर, चुकते आहे. पत्रातच तुम्ही लिहिलंय की वहिनी पेटीच्या काळी पाचमध्ये सुरू करतात आणि "चाल वर गेली की आमचे हे गप्प होतात". शिकलेल्या बाईला काळी पाच सोयीची असते, त्यात वहिनींचं काही चुकत नाही. पण न शिकलेल्या गळ्याला जेमतेम सप्तकभर जागा असते. त्या जागेत चाल बसली तर माणूस गातो, नाही बसली तर लाजून गप्प बसतो, आणि "मला गाता येत नाही" असं म्हणून पुढच्या वेळी येत नाही.

म्हणून गाणं ठरवण्याआधी चालीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा. पेटीवर चाल एकदा सावकाश वाजवली की दोन्ही सापडतात. मग एवढंच करा: खालचा स्वर काळी चारच्या पट्टीवर येईल असा षड्ज धरा. बायका आणि मुलं तिथून वर सप्तकभर, फार तर एखादा सूर जास्त, आरामात जातात. पुरुष तेच स्वर एक सप्तक खाली गातात आणि त्यांनाही ते पेलतं.

तुमचंच उदाहरण घेऊ. समजा पहिल्या अभंगाची चाल मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंत फिरते. काळी पाचमध्ये हा मंद्र पंचम पांढरी चारवर येतो. पुरुषांनी एक सप्तक खाली म्हणायचं ठरवलं तर तो इतका खोल जातो की आवाजच लागत नाही. म्हणून ते नकळत बायकांच्याच सप्तकात चढतात आणि अंतऱ्यात धैवत आला की घसा ताणला जाऊन थांबतात. तुमचे 'हे' तिथेच गप्प होत असणार. आता हीच चाल काळी एकमध्ये घ्या. मंद्र पंचम बरोबर काळी चारवर येतो, धैवत काळी पाचवर संपतो, आणि आठही जणांचे आवाज लागतात.

दुसरी चाल समजा मध्य षड्जापासून तार रिषभापर्यंत जाते. तिचा खालचा स्वर षड्जच आहे, तेव्हा षड्ज काळी चारला धरा. वरचा रिषभ पुन्हा काळी पाचवरच येतो. म्हणजे दोन चालींच्या पट्ट्या वेगळ्या, पण गळ्याला दोन्ही एकाच जागेत. वहिनींना सुरुवातीला दुसरी चाल "पडलेली" वाटेल. त्यांच्यासाठी प्रत्येक बैठकीत एक गाणं त्यांच्या पट्टीत, एकटीनं म्हणायला ठेवा. मंडळात असा एक गळा असणं चांगलंच, फक्त सगळ्यांची पट्टी त्यानं ठरवू नये.

काळी एक आणि काळी चार मी मुद्दाम घेतल्या, कारण पुढे तबला येतो. तबला एकाच सुरात लागलेला असतो; गाण्यागणिक तो उतरवत-चढवत बसलात तर तास त्यातच जाईल. काळी एकचा एक तबला घ्या, तोंड सव्वापाच ते साडेपाच इंचांचं. काळी एकच्या गाण्याला तो षड्जात वाजतो. काळी चारच्या गाण्याला तोच तबला मध्यमात बसतो, आणि तेही चालतं. अडचण येते ती चालीत शुद्ध मध्यमच नसेल तेव्हा, उदाहरणार्थ भूप रागातल्या चालीत. तिथे मध्यमातला तबला सतत टोचत राहतो. अशी चाल काळी तीनमध्ये उतरवा, तबला पंचमात जाऊन बसेल. पुरुषांना खालचा षड्ज जरा जड जाईल, पण टोचणं थांबेल.

थंड देशात हिवाळ्यात घर तापवलेलं असतं, हवा कोरडी होते, कातडं आकसतं आणि तबला आपोआप चढतो. हीटरजवळ ठेवलेला तबला बैठकीला अर्धा सूर चढलेला मिळाला तर नवल नाही. तो खोलीच्या आतल्या भिंतीकडे, पिशवीत ठेवा आणि बैठक सुरू होण्याआधी अर्धा तास उघडून ठेवा. मग गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन जुळवा. वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. जास्त फरक असेल तरच गठ्ठ्यांना हात लावा.

पेटीबद्दल थोडंच सांगते. 'स्केल चेंजर' लागत नाही. तुमच्या पट्ट्या मोजून दोन-तीन आहेत, वाजवणाऱ्यानं तेवढ्यांतली बोटं बसवली की झालं. एक मात्र तपासा: पेटी जुनी असेल तर तिचा सूर फोनवरच्या तानपुऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. दोन्ही एकदम लावल्यावर आवाज लाटेसारखा थरथरला तर समजा की फरक आहे. बहुतेक तानपुऱ्याच्या अॅपमध्ये सूर बारीक हलवायची सोय असते, तिथे तानपुरा पेटीला जुळवा. पेटीतल्या पितळी रीड घासून घ्यायच्या भानगडीत पडू नका. पखवाजाचा मोह सध्या टाळा. त्याच्या डाव्या तोंडाला दर वेळी कणीक लावावी लागते, आणि सदनिकेत त्याचा घुमारा थेट खालच्या मजल्यावर पोचतो.

टाळ एकच जोडी, आणि तोही दाबून. आठ जणांच्या खोलीत तीन जोड्या खणखणल्या की शब्द बुडतात. खात्री करायची असेल तर फोन खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवून एक अभंग रेकॉर्ड करा. ऐकताना शब्द कळले नाहीत तर टाळ जास्त आहे. तेरा वर्षांच्या मुलाकडे हा टाळ द्या. त्याचा आवाज फुटायच्या वयात आहे, आज लागलेला सूर पुढच्या महिन्यात लागणार नाही, आणि त्या दिवसांत त्याला गायला लावलं तर तो कायमचा रुसेल.

आता गाण्यांचं. मराठी अभंगाचा एक फायदा आपण फारसा घेत नाही. लहान अभंगात बहुधा आठ-आठ अक्षरांचे चरण असतात. ज्ञानेश्वरांचं 'रूप पाहता लोचनी' मोजा: रू, प, पा, ह, ता, लो, च, नी. आठ. तुकारामांचं 'जे का रंजले गांजले' मोजा, तेही आठ. म्हणजे एकाची चाल बसली की दुसरा अभंग त्याच चालीत म्हणता येतो. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा, चार असा. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' हा त्याचा चोख नमुना. काही ठिकाणी एखादं अक्षर वाढतं. 'सदा माझे डोळा, जडो तुझी मूर्ती, रखुमाईच्या पती, सोयरिया' यातल्या तिसऱ्या चरणात सात आहेत. तिथे 'रखु' पटकन म्हणायचं, पुढचं आपोआप जुळतं.

तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत तीनच चाली बसवा: एक लहान अभंगाची, दोन मोठ्या अभंगांच्या. तीन चालींत दहा-बारा अभंग होतात, मुलांना प्रत्येक वेळी नवी चाल शिकावी लागत नाही आणि पाठ करायला फक्त शब्द उरतात. तिन्ही आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ठेवा, म्हणजे तबला वाजवणाराही एकाच ठेक्यावर पक्का होईल. सिनेमातली आणि मोठ्या गायकांनी रंगवलेली गाणी सुरुवातीला नकोत. त्यांत मधले तुकडे आणि ताना गाण्याचाच भाग झालेल्या असतात, त्या वगळल्या की गाणं अर्धवट वाटतं. त्याच तीन चाली सारख्या येऊ लागल्या की कंटाळा येतो, हे खरं. तो आला की चौथी चाल घ्या, त्याआधी नको.

मुलांसाठी शब्द रोमन लिपीत लिहून देण्याबद्दल तुम्ही विचारलंत. द्या, पण देवनागरी ओळ वर आणि रोमन खाली. नुसत्या रोमन लिपीवरून 'ळ' आणि 'ण' कधीच नीट येत नाहीत, हे मी आमच्या मंडळात दोन वर्षं ऐकलंय.

सराव दर पंधरा दिवसांनी, दीड तास, आणि घड्याळाप्रमाणे. पहिली दहा मिनिटं तानपुऱ्यावर नुसता षड्ज, मग त्या दिवसाच्या पट्टीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर. इथेच कळतं कुणाला आज सर्दी आहे. पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं एकच चाल. आधी ध्रुवपद सगळ्यांनी, ठेक्याशिवाय, हातानं मात्रा मोजत. मग एकानं पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ध्रुवपद धरायचं. पुढे म्हणणारा दर बैठकीला बदला. उरलेल्या वेळात आधी बसवलेले अभंग न थांबता म्हणा. कुणी चुकलं तरी थांबायचं नाही, दुरुस्ती पुढच्या वेळी.

एक दोष प्रत्येक मंडळात येतो, तुमच्याकडेही येईल: लय पळते. सगळ्यांना वाटतं रंग चढला, रेकॉर्डिंग ऐकलं की कळतं शेवटचं कडवं धापा टाकत म्हटलंय. पहिल्या आणि शेवटच्या ध्रुवपदाला किती सेकंद लागले ते मोजा. चौदाचे दहा झाले असतील तर बहुतेक वेळा टाळ पुढे पळतोय, तबला नव्हे, कारण टाळ वाजवणारा शब्दांच्या मागे जातो. मुलाला तबलजीच्या अगदी शेजारी, डग्ग्याच्या बाजूला बसवा आणि डग्ग्यावर टाळ धरायला सांगा. दोन बैठका तरी लागतील. तोवर अभंग संपवताना लय वाढवायची हौस कुणी करायची नाही, वहिनींनीसुद्धा.