पाचवाल्यांना हसव, एकवीसवाल्यांना माहिती दे

अगं, धावण्याच्या स्पर्धेच्या नोंदणीसाठी इन्स्टावर कॅप्शन लिहितेस ना, मग एकच कॅप्शन सगळ्या अंतरांना चिकटवू नकोस. पाच किलोमीटरला बरेचजण पहिल्यांदाच धावतात. त्यांची भीती हसत घालव: ‘धाप लागली तर चाला, पोहे शेवटच्यालाही मिळतील.’ (पोहे खरंच आहेत ना, आधी विचारून घे!) एकवीसवाल्यांना विनोद नको. ‘सुरुवात पहाटे 5.30, टायमिंग चिप, दर दोन किलोमीटरवर पाणी, एकच चढ’ असं कोरडं लिही. ‘नोंदणीचे शेवटचे दोन दिवस’ असं तारीख खरी असेल तरच लिही. आम्ही एकदा मुदत वाढवली, पुढच्या वर्षी कुणी घाईच केली नाही. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोत ठेव. प्रत्येक कॅप्शनला वेगळा सवलत कोड दे, म्हणजे लाइक कुठे पडले आणि नोंदणी कुठून आली ते वेगवेगळं दिसेल.