लॅपटॉपचा कीबोर्ड: बदलावा की बाहेरचा लावावा?

"माझ्या लॅपटॉपच्या चार-पाच कीज चालत नाहीत. वॉरंटीचे तीन महिने उरलेत. इथे निपाणीतच कीबोर्ड बदलून घेऊ, की बाहेरचा लावून भागवू?"

आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा, तोवर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. कीज आपोआप बिघडल्या असतील तर वॉरंटीत सहसा फुकट काम होतं. चहा-पाणी सांडलं असेल तर साध्या वॉरंटीत ते बसत नाही, अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घेतलेलं असावं लागतं. म्हणून आत्ता दुकानात लॅपटॉप उघडू देऊ नका. उघडताना काही तुटलं तर कंपनी हात वर करते. बेळगावच्या सेवा केंद्रात जायचं असेल तर पार्ट आलाय का, हे फोनवर विचारूनच बस पकडा.

वॉरंटी संपल्यावर मात्र हिशेब बदलतो. बऱ्याच पातळ मॉडेलांत कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी पक्का बसवलेला असतो, त्यामुळे अख्खं कव्हरच बदलायला सांगतात आणि खर्च वाढतो. लॅपटॉप टेबलावरच राहत असेल तर मी तेव्हा 500-600 रुपयांचा बाहेरचा कीबोर्डच घेईन. पण एखादी की आपोआप दाबली जात असेल तर त्यानं भागत नाही. आतल्या कीबोर्डची केबल काढून घ्यावी लागते, आणि पॉवर बटण त्याच कीबोर्डवर असेल तर तेही बंद पडू शकतं, हे आधी बघा.